नॉट्सच्या ट्यूबचा तळ लाल का राहिला?

प्रश्न: मॅडम, मी विदर्भात डीएमएलटी करतेय. परवा प्रॅक्टिकलला नॉट्स कॉन्सन्ट्रेशन केलं. पेशंट पॉझिटिव्ह आहे, रात्रीच्या जाड स्मिअरमध्ये 2 मायक्रोफायलेरिया दिसले होते. आम्ही त्याचंच 1 एमएल रक्त घेतलं, फॉर्मेलिन टाकून सेंट्रीफ्यूज केलं, खाली लाल घट्ट गोळा बसला, त्यातला एक थेंब बघितला तर काहीच नाही. सर म्हणाले टेक्निक चुकलं, पण कुठे ते कळलंच नाही. आणि त्याच्या रात्रीच्या स्मिअरला जीम्सा केला तर शीथ दिसली नाही, मग हा बँक्रॉफ्टी कसा असं विचारलं तर काय सांगायचं? प्लीज नीट स्टेपने सांगा.

उत्तर:

लाल घट्ट गोळा हे वाचलं आणि निम्मं उत्तर तिथेच मिळालं. नॉट्समध्ये तळाशी लाल गोळा यायलाच नको. मी वीसेक वर्षं लॅबमध्ये आहे आणि प्रॅक्टिकल पण घेते, दर बॅचला दोन-तीन टेबलांवर हाच गोळा बघते, आणि मुलं बिचारी तो गोळा म्हणजेच डिपॉझिट समजून त्यातलं काहीतरी शोधत बसतात.

आधी एक विचारते, तुमचं रक्त कधी काढलं होतं? तुम्ही लिहिलं नाहीये, पण प्रॅक्टिकल सकाळी अकराला असेल तर रक्त पण साडेदहाला काढलं असणार. आपल्याकडचा हत्तीरोगाचा जंतू म्हणजे वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, त्याची पिल्लं म्हणजेच हे मायक्रोफायलेरिया रात्री बाहेरच्या रक्तात येतात, साधारण रात्री 10 ते 2 मध्ये सगळ्यात जास्त, आणि दिवसा ती बहुतेक करून फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन बसतात. हत्तीरोगाची रात्र चिकित्सालयं रात्रीच का चालतात, पथकातली माणसं रात्री टॉर्च घेऊन घरोघर बोटाचं रक्त घेत का फिरतात, ते ह्यासाठीच. म्हणजे रात्रीच्या स्मिअरमध्ये 2 दिसले होते ही गोष्ट सकाळच्या ट्यूबला लागू होत नाही. माणूस तोच, पण रक्त वेगळं.

आता गंमत अशी की नॉटने 1939 मध्ये ही पद्धत मांडली तीच मुळी दिवसाच्या रक्तातून सर्व्हे करता यावा म्हणून. दिवसा सुद्धा अगदी थोडे मायक्रोफायलेरिया बाहेरच्या रक्तात राहतात, बोटाच्या एका थेंबात ते सापडत नाहीत पण एक पूर्ण एमएल रक्त घेतलं तर एखाददुसरा सापडू शकतो, असा त्यामागचा विचार. म्हणजे सकाळचं रक्त घेतलं म्हणून सगळं वाया असं नाही, पण मग त्या एक एमएलमधला शेवटच्या थेंबापर्यंतचा सगळा गाळ बघावा लागतो. तुम्ही एक थेंब बघितला. तर तुमच्या टेबलावर तीन गोष्टी एकत्र आल्या असं मला वाटतं, रक्ताची वेळ, न फुटलेल्या लाल पेशी, आणि एकच थेंब. वेळेचं झालं सांगून, बाकी दोन नीट सांगते.

लाल पेशींचं आधी. ह्या पद्धतीत आपण खरं तर मायक्रोफायलेरिया गोळा करत नाही, लाल पेशी घालवतो. एक एमएल रक्तात जवळजवळ अर्धा भाग लाल पेशींचा असतो, तेवढ्या गर्दीत एक बारीक अळी कशी दिसणार. त्या पेशी फोडून टाकल्या की उरतात फक्त पांढऱ्या पेशी आणि मायक्रोफायलेरिया, ते फिरवून तळाशी बसवायचे, बस. लाल पेशी फोडतं कोण? मुलांना विचारलं की सगळे म्हणतात फॉर्मेलिन. नाही हो! फोडतं ते पाणी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मीठ नसतं म्हणून पाणी पेशीत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. फॉर्मेलिनचं काम उलटं आहे, ते जपतं, पांढऱ्या पेशी आणि मायक्रोफायलेरिया जसेच्या तसे टिकवून ठेवतं. म्हणून फॉर्मेलिन इतकं कमी हवं की लाल पेशी फुटायच्या आत ते त्यांना पक्क्या करून टाकणार नाही. ही एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात.

आता 2 टक्के फॉर्मेलिन कसं बनवायचं, कारण घोळ इथेच होतो. बाजारातून जी बाटली येते ती 37 ते 40 टक्के फॉर्मल्डिहाइडची असते आणि तिलाच आपण शंभर टक्के फॉर्मेलिन धरतो. त्या बाटलीतलं 2 एमएल घ्यायचं आणि 98 एमएल डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालायचं, हे झालं 2 टक्के फॉर्मेलिन. मुलं काय करतात, बाटलीवर 37 वाचतात आणि त्यावरून गणित मांडून साडेपाच एमएलच्या आसपास घेतात, मग ते 2 टक्के फॉर्मल्डिहाइड होतं, म्हणजे हवं त्याच्या अडीच-तीनपट कडक. दुसरी चूक त्याहून जास्त बघितलीय, हिस्टोपॅथॉलॉजीच्या टेबलावरची 10 टक्क्यांची बाटली सरळ उचलायची कारण लेबलवर फॉर्मेलिन लिहिलंय. त्यात बहुतेक वेळा बफरचे क्षार असतात आणि ताकद पाचपट. त्यात रक्त टाकलं की लाल पेशी फुटतच नाहीत, आहे तिथे घट्ट होऊन बसतात. तिसरी चूक म्हणजे डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून सलाईनमध्ये बनवणं. सलाईनमध्ये पेशी आरामात राहतात, त्यांना फुटायचं काही कारणच नाही. तुमचा गोळा ह्या तीनपैकी एका कारणाने आला असणार, बॅचमध्ये सोल्युशन कोणी बनवलं त्याला विचारा, दोन मिनिटात कळेल.

ट्यूबकडे बघून पण हे लगेच कळतं, सेंट्रीफ्यूजपर्यंत थांबायची पण गरज नाही. रक्त घातलं, ट्यूब चार-पाच वेळा उलटसुलट केली आणि दोन-तीन मिनिटं थांबलात की द्रव आरपार दिसणारा लाल झाला पाहिजे, कोकम सरबतासारखा. ट्यूब खिडकीसमोर धरली की मागचे गज दिसले पाहिजेत. तोच द्रव गढूळ, विटकरी, रंगाच्या डब्यासारखा दिसत असेल तर पेशी फुटल्या नाहीत, तिथेच थांबायचं, पुढे फिरवून काही उपयोग नाही. ते दुरुस्त पण होत नाही कारण एकदा फॉर्मेलिनने पक्क्या झालेल्या पेशी नंतर कितीही पाणी घातलं तरी फुटत नाहीत, नवीन सोल्युशन करून उरलेल्या रक्तातून परत 1 एमएल घ्यायचं. म्हणून मी नेहमी 1 पेक्षा थोडं जास्तच रक्त काढायला लावते.

आता मी स्वतः कसं करते ते सलग सांगते.

रक्त शिरेतून, ईडीटीए किंवा सायट्रेटच्या ट्यूबमध्ये, रात्री दहानंतर. काढल्या काढल्या ट्यूब हळूच आठ-दहा वेळा उलटी करायची कारण छोटीशी गुठळी जरी झाली तरी मायक्रोफायलेरिया तिच्यात अडकतात आणि मग गेले. 15 एमएलची शंकूच्या टोकाची ट्यूब घ्यायची, गोल बुडाची नको, गोल बुडात एवढासा गाळ पसरून बसतो आणि सुपरनॅटंट ओतताना त्याच्याबरोबर निघून जातो. त्यात आधी 9 एमएल 2 टक्के फॉर्मेलिन. मग ईडीटीएची ट्यूब परत एकदा मिक्स करायची, हे मुलं हमखास विसरतात, आणि मोजून 1 एमएल रक्त घालायचं. पिपेटला तोंड अजिबात लावायचं नाही. झाकण लावून उलटसुलट करायचं, जोरात हलवायचं नाही, फेस येतो. मग वर सांगितलं तसं आरपार लाल होतंय का बघायचं.

ह्या पायरीला एक मोठी सोय आहे. फॉर्मेलिनमध्ये गेल्यावर मायक्रोफायलेरिया मरतात पण आकार टिकतो, त्यामुळे रात्री गावातच रक्त फॉर्मेलिनमध्ये मिक्स करून ठेवलं आणि सकाळी लॅबमध्ये येऊन फिरवलं तरी चालतं, घाई नाही. तुमच्या कॉलेजला रात्री लॅब उघडी ठेवता येत नसेल तर हाच मार्ग सरांना सुचवा, रात्री फक्त रक्त काढून मिक्स करायचं आणि प्रॅक्टिकल अकरालाच घ्यायचं.

मग सेंट्रीफ्यूज, 500 जी ला 10 मिनिटं. इथे पुस्तकात जी लिहिलेलं असतं आणि आपल्या मशीनच्या डायलवर आरपीएम, तर मुलं अंदाजाने 3000 ठेवतात. मशीनच्या मध्यापासून ट्यूबच्या टोकापर्यंत सेंटिमीटरमध्ये अंतर मोजा, ते r, आणि हे सूत्र वापरा:

```
RCF = 0.00001118 × r × rpm²
```

आमच्या मशीनला r 15 सेंमी आहे, म्हणजे 500 जी साठी साधारण 1700 आरपीएम पुरतात. तिथे 3000 ठेवलं तर जवळजवळ 1500 जी होतं, तिप्पट, मग गाळ तळाला असा दाबून बसतो की नंतर तो मोकळा करायला इतकं खरवडावं लागतं की अळ्यांचे तुकडे होतात आणि गठ्ठ्याच्या आत ज्या राहतात त्या दिसत नाहीत. समोरची ट्यूब बॅलन्स करायला तेवढंच पाणी भरायचं, हे सांगायला नको. ब्रेक असेल तर बंद ठेवा, मशीन आपली आपण थांबू द्या, झटक्याने थांबली की बसलेला गाळ परत उठतो. आणि ट्यूब तिरकी राहणारं मशीन असेल तर गाळ टोकाला न बसता एका बाजूला भिंतीवर चिकटतो, तो कोणत्या बाजूला आहे ते बघूनच ओता.

थांबल्यावर ट्यूब परत उजेडात धरा. वर स्वच्छ लाल द्रव आणि अगदी टोकाला पांढुरकी-तपकिरी टिकली, साबुदाण्याच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी, असं दिसलं की समजायचं बरोबर झालं. तुमच्यासारखा लाल, मोठा, शंकू भरून बसलेला गोळा म्हणजे त्या सगळ्या लाल पेशीच आहेत. एक एमएल रक्तातून अर्धा एमएलच्या जवळपास डिपॉझिट उरत असेल तर काहीच कॉन्सन्ट्रेट झालं नाही, फक्त प्लाझ्मा काढून टाकला असा त्याचा अर्थ.

सुपरनॅटंट एकाच हालचालीत ओतायचा, हळूहळू वाकवून, आणि ट्यूब तशीच उलटी असताना तोंडाला लटकलेला थेंब टिश्यूला टेकवून मग सरळ करायची. ओतता ओतता मध्येच ट्यूब सरळ केली आणि परत वाकवली की गाळ हललाच समजा. हात कापत असेल तर सरळ पाश्चर पिपेटने वरून वरून काढा आणि खालचे 0.2 एमएल राहू द्या.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. डिपॉझिटमधला एकच थेंब बघायचा नसतो, सगळा बघायचा असतो!

का ते आकड्यात सांगते. आपला नेहमीचा जाड स्मिअर 20 मायक्रोलिटर रक्ताचा असतो. समजा एखाद्याच्या रक्तात एका एमएलमध्ये 10 मायक्रोफायलेरिया आहेत. 20 मायक्रोलिटर म्हणजे एमएलचा पन्नासावा भाग, त्यामुळे एका स्मिअरच्या वाट्याला सरासरी 0.2 अळी येते, आणि अशा माणसाचे शंभर स्मिअर केले तर त्यातले ब्याऐंशीच्या आसपास पूर्ण निगेटिव्ह निघतील. नॉट्समध्ये त्या दहाही अळ्या तळाच्या टिकलीत येतात, सगळी टिकली बघितली तर चुकायची शक्यता जवळजवळ शून्य. पण त्या टिकलीचे दहा थेंब होत असतील आणि तुम्ही त्यातला एकच बघितला तर सरासरी एक अळी वाट्याला येणार, आणि शंभरातले सदतीस पेशंट तुम्ही निगेटिव्ह म्हणून घरी पाठवणार. एवढं सगळं करून, फॉर्मेलिनचा वास सहन करून, शेवटच्या पायरीला आपणच सगळी मेहनत दहाने भागून टाकतो. तुमच्या पेशंटच्या रात्रीच्या स्मिअरमध्ये 2 होते म्हणजे रात्री साधारण एमएलला शंभरच्या आसपास असतील, दोनावरून काढलेला अंदाज कच्चाच असतो पण धरून चालू, आणि सकाळी त्यातले फार थोडे उरले असतील, कदाचित पूर्ण ट्यूबमध्ये एखादाच. त्या एकाला एका थेंबात, ते पण लाल पेशींच्या थराखाली, शोधणं म्हणजे नशिबाचा खेळ झाला.

आमच्याकडचं एक उदाहरण अजून लक्षात आहे. तिशीतला शेतकरी, लघवी दुधासारखी पांढरी जाते म्हणून आलेला, पाय सुजलेला नाही, अंडवृद्धी नाही. (दुधाळ लघवीचं ह्या जंतूशी नातं जुनं आहे, वुचेररने 1866 मध्ये ब्राझीलमध्ये तो बघितला तो अशाच लघवीत, आणि पुढे 1872 मध्ये लुईसने कलकत्त्यात माणसाच्या रक्तात दाखवला.) रात्री अकराला रक्त घेतलं, 20 मायक्रोलिटरचा स्मिअर केला तो स्वच्छ निगेटिव्ह. त्याच रक्ताचं नॉट्स लावलं. डिपॉझिटचे नऊ थेंब झाले. पहिले तीन काहीच नाही, माझ्याबरोबरची मुलगी म्हणाली मॅडम निगेटिव्हच आहे, मी म्हटलं बघत राहा. चौथ्यात एक दिसली. मग परत काही नाही, सातव्यात दुसरी, आठवा-नववा रिकामा. एका एमएलमध्ये फक्त दोन. असल्या पेशंटचे शंभर स्मिअर केले असते तर चारेक स्मिअरमध्ये काहीतरी दिसलं असतं, बाकी शहाण्णव निगेटिव्ह. आणि नॉट्सचे पण तीन थेंब बघून थांबलो असतो तर रिपोर्ट निगेटिव्हच गेला असता. रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलं, 1 एमएल रक्तात 2 मायक्रोफायलेरिया, पद्धत नॉट्स, पूर्ण डिपॉझिट तपासलं. ही शेवटची तीन शब्दांची ओळ तुमच्या जर्नलमध्ये पण लिहायची सवय लावा, कारण किती बघितलं हे लिहिल्याशिवाय निगेटिव्हला अर्थ नाही.

बघायचं कसं, तर डिपॉझिट पिपेटने हलकं मोकळं करून एक थेंब स्लाइडवर, त्याला लागून 0.1 टक्के मिथिलीन ब्लूचा एक थेंब, मिक्स करून कव्हरस्लिप. दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे आतल्या न्यूक्लियसना निळा रंग चढतो. कंडेन्सर खाली, उजेड कमी, आणि 10 च्या ऑब्जेक्टिव्हने एका कोपऱ्यापासून नागमोडी सगळी कव्हरस्लिप फिरायची, कडा सोडायच्या नाहीत, बऱ्याचदा अळ्या कडेलाच सरकलेल्या असतात. काही दिसलं की 40 लावून खात्री. मग पुढचा थेंब. ट्यूब संपली की दोन थेंब पाण्याने ट्यूब आणि पिपेट खंगाळून ते पण बघायचं.

इथे मुलं एका गोष्टीने फसतात. ताज्या रक्तात मायक्रोफायलेरिया वळवळताना, लाल पेशींना ढकलताना दिसतो आणि व्हिडिओत सगळ्यांनी तेच बघितलेलं असतं, म्हणून नॉट्समध्ये पण हालचाल शोधत बसतात. इथे तो मेलेला असतो, स्थिर, आणि बहुतेक वेळा सरळ ताणलेला. म्हणजे पुस्तकातली ती बँक्रॉफ्टीची डौलदार वळणं इथे शोधू नका, ती जाड स्मिअरमध्ये बघायची. सरळ असल्याने लांबी मोजायला मात्र नॉट्ससारखं काही नाही. जिवंतच बघायचा असेल तर सॅपोनिनने लाल पेशी फोडायची वेगळी पद्धत आहे, ती नंतर कधीतरी.

आणि कापसाचा धागा! स्लाइड कापसाने पुसली की त्याचे तंतू सगळीकडे, आणि मिथिलीन ब्लू त्यांना पण निळं करतो. फरक आत बघायचा, मायक्रोफायलेरियाच्या आत न्यूक्लियसची ठिपक्यांची रांग असते, डोक्याशी थोडी रिकामी जागा असते, जाडी सगळीकडे जवळजवळ सारखी आणि शेपटीकडे निमुळती. धाग्यात ठिपके नाहीत, कडा जाड चकाकणाऱ्या आणि टोकं तुटल्यासारखी. शंका येत असेल तर रक्त न घालता नुसत्या फॉर्मेलिनची एक ट्यूब तशीच फिरवून बघा, त्यात पण तेच धागे दिसले की प्रश्न मिटला.

आता स्टेनिंग आणि तुमचा शीथचा प्रश्न. वेट माउंटवर मायक्रोफायलेरिया आहे एवढं कळतं, कोणता आहे ते ठरवायला वाळवलेला आणि रंगवलेला स्मिअर लागतो. म्हणून मी सगळे थेंब आधी वेट माउंट करत नाही, निम्मे थेंब स्मिअरसाठी ठेवते, आणि ते रंगवून झाल्यावर तेही पूर्ण बघते, म्हणजे टिकली सगळी बघून होतेच. डिपॉझिट स्लाइडवर पातळ पसरवायचं, रुपयाच्या नाण्याएवढं, जाड थर नको. फॉर्मेलिनमधला हा गाळ काचेला नीट चिकटत नाही हे ह्या पद्धतीचं दुखणं आहे, ओलसर असताना रंगात घातला की पूर्ण थर कागदासारखा सुटून ट्रेमध्ये तरंगतो, प्रॅक्टिकलला ह्यावरून रडारड झालेली बघितलीय. त्यामुळे रात्रभर वाळू द्या, आडवा ठेवून, धूळ आणि मुंग्या लागणार नाहीत असा. मग शुद्ध मिथेनॉलमध्ये बुडवून काढा, वाळवा. लाल पेशी आधीच गेल्या आहेत म्हणून इथे जाड रक्तस्मिअरसारखं आधी पाण्यात धुवायची गरज नाही, मिथेनॉल चालतो आणि त्याने रंग पण चांगला चढतो. मग जीम्सा, 1 भाग रंग आणि 49 भाग पीएच 7.2 चा बफर, 50 मिनिटं. रंग दरवेळी ताजा, सकाळचा उरलेला दुपारी नको. बफरमधून हलकं खंगाळून उभं ठेवून वाळवायचं. नळाखाली जोरात धरलं की गेला थर.

तर जीम्सात बँक्रॉफ्टीची शीथ रंगत नाही, किंवा इतकी फिकी की दिसत नाही. हे त्याचं वैशिष्ट्यच आहे, तुमची चूक नाही. शीथ असते, फक्त रंग घेत नाही. नीट बघितलं तर डोक्याच्या आणि शेपटीच्या पुढे थोडी जागा रिकामी, पार्श्वभूमीपेक्षा उजळ दिसते, ती शीथची खूण. ब्रुगिया मलायी म्हणजे केरळच्या किनाऱ्याकडचा भाऊ, त्याची शीथ जीम्सात चांगली गुलाबी होते. म्हणजे परीक्षेत विचारलं तर सरळ सांगा, जीम्सात शीथ न दिसणं हे बँक्रॉफ्टीच्या विरोधात जात नाही, उलट गडद गुलाबी शीथ दिसली असती तर मला ब्रुगियाचा विचार करावा लागला असता. शीथ दाखवायचीच असेल तर दुसरी स्लाइड डेलाफिल्ड हिमॅटॉक्सिलिनमध्ये 10 ते 15 मिनिटं ठेवा आणि नळाच्या पाण्याच्या मंद धारेत निळसर होईपर्यंत धुवा, त्यात दोघांची शीथ दिसते आणि न्यूक्लियस पण सुटे सुटे दिसतात.

पण निर्णय शीथवर घेऊच नका, शेपटीवर घ्या. ऑइल इमर्शनला शेपटीच्या टोकापर्यंत जा. बँक्रॉफ्टीत न्यूक्लियसची रांग टोकाच्या आधीच संपते, टोक रिकामं. मलायीत रांग संपल्यावर टोकाजवळ दोन सुटे न्यूक्लियस वेगळे दिसतात. डोक्याकडची रिकामी जागा बँक्रॉफ्टीत जेवढी रुंद तेवढीच लांब, मलायीत लांबी रुंदीच्या दुप्पट. ह्या दोन गोष्टी जुळल्या की झालं. शेपटी दुमडलेली असेल किंवा तिच्यावर पांढरी पेशी बसली असेल तर त्या अळीवरून सांगू नका, दुसरी शोधा.

एक राहिलं, काही कॉलेजात पॉझिटिव्ह पेशंट मिळत नाही म्हणून कुत्र्याच्या रक्तावर नॉट्स शिकवतात. पद्धत शिकायला उत्तम आहे, पण कुत्र्यातल्या डायरोफायलेरियाला शीथ नसतेच. तरी मुलं जर्नलमध्ये पुस्तकात बघून शीथ काढतात. जे दिसलं तेच काढा, खाली कुत्र्याचं रक्त असं लिहा.

दिवसाच रक्त घ्यायचं असेल तर डीईसीची 100 मिलिग्रॅमची गोळी देऊन अर्ध्या ते एक तासात रक्त घ्यायची पण एक पद्धत आहे, त्याने लपलेले मायक्रोफायलेरिया बाहेर येतात. पण ते डॉक्टरने ठरवायचं, प्रॅक्टिकलसाठी आपण कोणाला गोळी द्यायची नाही, आणि आफ्रिकेत राहून आलेल्या माणसाला तर हे धोक्याचं असू शकतं, तिथल्या दुसऱ्या फायलेरियात ह्या औषधाने जोराची रिअ‍ॅक्शन येते.

पाय जुना सुजलेल्या पेशंटचं नॉट्स निगेटिव्ह आलं तर गोंधळू नका. हत्तीपाय किंवा जुनी अंडवृद्धी झालेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया राहिलेलेच नसतात, आणि गोळ्यांची मोहीम नुकतीच झाली असेल तर चांगल्या धडधाकट माणसाच्या रक्तातून पण ते गेलेले असतात. तिथे अँटिजेनची स्ट्रिप टेस्ट काहीतरी सांगू शकते, नॉट्स नाही.

परत करणार असाल तर रक्त रात्री दहानंतरचं घ्या, सोल्युशन स्वतः बनवा, आणि रक्त घातल्यावर ट्यूब खिडकीसमोर किंवा ट्यूबलाइटसमोर धरून बघा. गढूळ राहिलं तर तिथेच थांबा आणि इथे लिहा, सोल्युशन कशात आणि किती एमएलने बनवलं ते पण लिहा.